थाळी वाजवणारीची दोरी

बय, तुझं हिंदी बाजारापुरतं होतं. अच्छाडला हायवेवर ट्रकवाल्यांना सुके बोंबील विकताना तू म्हणायचीस, "ले लो भैया, एकदम सुका है, बास नहीं मारता," आणि तेवढ्यावर तुझं भागायचं. म्हणून मी, तुझ्या लेकीने, हिंदीत कविता लिहिली म्हटल्यावर तू आधी तोंडाला पदर लावून हसली असतीस. मग विचारलं असतंस, कोणासाठी गं, ट्रकवाल्यांसाठी? तर हो, जवळजवळ तसंच आहे. झरीकडच्या माझ्या शाळेत अच्छाडच्या धाब्यांवरच्या आचाऱ्यांची, पंक्चर काढणाऱ्यांची पाच-सहा पोरं येतात. त्यांच्या घरी हिंदी. बाकीची पोरं पाड्यांवरची, त्यांची आपली बोली. मी मराठीतून शिकवत असते आणि ही धाब्याची पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतात, बहिऱ्यासारखी. त्यांना बोलतं करायला मी दोन-दोन ओळींची हिंदी गाणी जुळवायला लागले. आज कावळ्यावर, उद्या बसवर, परवा धाब्यावरच्या तंदूरवर. पोरं टाळ्या पिटत म्हणायची आणि पाड्यावरची पोरंही त्यांच्यात मिसळायची. लहान मुलांची पुस्तकं काढणारी एक बाई शाळा बघायला आली होती, तिने ते ऐकलं. म्हणाली, दीदी, पहिल्या पावसावर एक लिहून द्या, आठ ओळींची, सोप्या यमकांची, आवाजाच्या शब्दांची. चित्रं घालून पुस्तक काढू. मी लगेच हो म्हटलं. आठ ओळी तर आहेत, रविवारी बसले की होतील, असं मला वाटलं. कसलं काय. थंडीत सुरू केलेली कविता जून उजाडला तरी संपली नव्हती.

तुला वाटेल, आठ ओळींना एवढं काय लागतं. मलाही वाटलं होतं. पण लहान मुलांची कविता म्हणजे तुझ्या बोंबलाच्या दोरीसारखी असते, बय. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोन्हींचं वजन सारखं हवं. एक जड झाला की जोडी घसरून खाली वाळूत. इथे तसंच आहे. प्रत्येक ओळीत चार टाळ्या, आणि प्रत्येक टाळीत चार मात्रा. आखूड अक्षराची एक मात्रा, लांब अक्षराच्या दोन. 'टप-टप' म्हटलं की चार आखूड अक्षरं, चार मात्रा, एक टाळी. 'रेती' म्हटलं की दोन लांब अक्षरं, त्याही चार मात्रा, एक टाळी. जोडाक्षर आलं की त्याच्या आधीचं अक्षर जड होतं, म्हणून 'रस्सी'च्या चार. मी सुरुवातीला 'टीन के ऊपर' लिहिलं होतं. कागदावर छान दिसत होतं. वर्गात म्हणायला लावलं तर त्या जागी सगळी पोरं ठेचकाळली, टाळी पडायच्या आत एक मात्रा उरलेली असायची. 'टिन पर' केलं आणि गाडी सुरळीत चालली. मात्रा म्हणजे काय हे पोरांना माहीत नाही, पण हातांना बरोबर कळतं.

आणि आवाजाचे शब्द. त्यांच्यासाठी तर मी महिनाभर डोकं खाजवलं. पहिल्या पावसावरची हिंदी गाणी पोरांच्या तोंडी आधीपासून होती, त्यात सरसकट रिमझिम आणि छमछम. अगं पण पहिला पाऊस पहिल्या थेंबालाच छमछम करतो का? खाली पाणीच साचलेलं नसतं तर छमछम कुठून येणार? थेंब काय म्हणतो ते तो कशावर पडतो त्यावर ठरतं. हे मला पुस्तकात सापडलं नाही, आपल्या वस्तीवर बसून मी ऐकलेलं आहे. पानावर पडला की 'टप'. तोंड उघडतं आणि 'प'ला ओठ मिटतात, थेंब तिथेच संपतो. पत्र्यावर 'खड़-खड़', जीभ मागे वळून आपटते, आवाज खरखरीत होतो. भांड्यावर 'टन', कारण 'न' तोंडातून निघाला तरी नाकात घुमत राहतो, तसं भांडंही मार संपल्यावर घुमत राहतं. आपण मराठीत ठण म्हणतो, हिंदीत टन, घुमणं तेच. आणि कोरड्या वाळूवर? वाळूवर पहिला थेंब पडतो तेव्हा जवळजवळ आवाजच येत नाही. वाळू तो गिळते. त्याला मी 'टुप' म्हटलं. 'उ'ला ओठ गोल होऊन आवाज आतल्या आत राहतो, म्हणून. त्या पुस्तकवाल्या बाईकडची संपादक मुलगी फोनवर म्हणाली, दीदी, टुप असा शब्द नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे नसेल, आमच्याकडे वाळू आहे. तिने तो ठेवला. पोरांनी तर पहिल्याच दिवशी घेतला, बोट तळहातावर आपटत टुप-टुप करत घरी गेली.

आता तुला कविता सांगते. नाव 'पहली बारिश'. पहिल्या सहा ओळी अशा:

टुप-टुप टुप-टुप भीगी रेती,
टप-टप टप-टप जागी खेती।
टिन पर खड़-खड़, छत पर तड़-तड़,
दौड़ो-दौड़ो, घर-घर हड़बड़।
टन-टन टन-टन बाजी थाली,
रस्सी-रस्सी कर दी खाली।

वाळू भिजली, शेत जागं झालं, पत्रा वाजला, घराघरात धावपळ उडाली, थाळी वाजली, दोऱ्या रिकाम्या झाल्या. झालं की नाही आपलं घर, आपली वस्ती, आपला मे महिन्याचा शेवट? तुला यातलं काही समजवायला नको. पण आवाज कसे चढत जातात ते बघ. आधी न ऐकू येणारा टुप, मग टप, मग खडखड, मग तडतड, आणि शेवटी माणसाचा आवाज, थाळीचा. पाऊस वाढतो तशी ओळ वाढते. यमकंही सगळी दोन अक्षरांची आहेत, रेती-खेती, थाली-खाली. लहान पोराला पुढच्या ओळीचा शेवट आधीच ओळखता आला पाहिजे, त्यातच त्याची अर्धी मजा असते.

शेवटच्या दोन ओळी मात्र मी आळसाने लिहिल्या. 'भीगी दादी, भीगी नानी, छम-छम छम-छम नाचा पानी.' मात्रा बरोबर, टाळ्या बरोबर, शेवटी आता पाणी साचलंय म्हणून छमछमही बरोबर. संपादक मुलगी खूश झाली. पण नानी आणि पानी म्हणजे हिंदीतल्या पावसाला कायमचं लावून ठेवलेलं ठिगळ आहे, जो तो तेच लावतो. आणि आपल्याकडे पहिल्या पावसात कुठली आजी भिजत उभी राहायची? ती तर टोपल्या झाकायला पुढे असायची. मला ते खुपत होतं, पण म्हटलं जाऊ दे, पोरांना आवडतंय.

मग मोबाईलवर चित्रं आली. बय, तू ती बघायला हवी होतीस. पानभर पाऊस, कपडे फुलवून नाचणाऱ्या मुली, कोपऱ्यात मोर. मोर! आपल्या किनाऱ्यावर! आणि 'बाजी थाली'च्या पानावर एक पोरगी दोन्ही हात वर करून थाळी बडवत गिरक्या घेतेय, डोळे मिटून, आनंदाने. पुढच्या पानावर दोरीवरची रंगीत कापडं उडतायत. चित्रकाराचा काही दोष नाही. त्याला वाटलं, पहिला पाऊस आला म्हणून लोक थाळी वाजवून नाचतात. मी तरी कुठे सांगितलं होतं की दोरीवर काय आहे आणि थाळी कशासाठी आहे? मी हसले, मग रडू आलं, मग स्वतःवरच चिडले. घरात ते चित्र दाखवायला कोणी नव्हतं. भावाला पाठवलं, तो उंबरगावहून म्हणाला, भारी आहे. त्यालासुद्धा आठवलं नाही, बय. की आठवलं आणि बोलला नाही, कोण जाणे.

तुला आठवतं का, पहिल्यांदा थाळी माझ्या हातात दिलीस तो दिवस? मी चौथीत असेन. वस्तीच्या त्या टोकापासून आपल्या टोकापर्यंत बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, सगळ्या बोंबलांनी भरलेल्या. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. दुपारी बायका घरात पाठ टेकून पडलेल्या, मी आणि तू दोघीच बाहेर. तू जवळ्यावरून हात फिरवत होतीस आणि मधेच थांबलीस. मला काही ऐकू आलं नव्हतं. तू तुझा दंड माझ्यासमोर धरलास, त्यावर एक थेंब. म्हणालीस, वाळूवर पडलेला ऐकू येत नाही, म्हणून बाहेर असेल तिने सांगायचं. घरात निजलेल्याला कळेपर्यंत पत्रा वाजायला लागतो, आणि पत्रा वाजला म्हणजे माल गेला. भिजलेल्या बोंबलाला दोन दिवसांत बुरशी धरते, मग अळ्या होतात, मग तो खतालाच जातो. हे तू सगळं चालता चालता सांगत होतीस, आणि तेवढ्यात ॲल्युमिनियमची ती थाळी माझ्या हातात कोंबलीस आणि दुसऱ्या हातात कालथा. वाजव, म्हणालीस. मी वाजवायला लागले. दारं उघडली, बायका धावत आल्या, कोणाचा पदर सुटलेला, कोणाच्या काखेत पोर. मी वाजवतेय आणि माझं लक्ष सारखं आपल्या दोरीकडे. तुझ्या हातात दुसऱ्यांची दोरी होती, आपली तशीच लटकत होती, भरलेली. पाऊस जोर धरत होता. माझा हात ढिला पडला. तेव्हा तू लांबूनच ओरडलीस.

"आपल्या दोरीकडं बघू नको. वाजव."

तेवढंच. मला केवढा राग आला होता तुझा. मला वाटलं, जगाचं सावरतेय आणि आमचं कुजवतेय. वाजवता वाजवता मी रडत होते. वारा समुद्राकडून होता, आवाज मागे उडत होता, टोकाच्या घरची म्हातारी बाहेर येऊन हात वर करेपर्यंत थांबायचं नाही असा नियम, ते नंतर कळलं. मधेच थांबलं तर तिकडच्यांना वाटतं, पोरांनी मजा केली असेल. शेवटी ती म्हातारी आली, तिने हात वर केला, मी थाळी खाली ठेवली आणि वळून बघितलं. आपली दोरी रिकामी होती. सगळे बोंबील तुझ्या पाटीत, वर गोणपाट, आणि शेजारच्या तिघी अंगणात उभ्या राहून केस पिळत होत्या. कोणी कोणाचे आभार-बिभार मानले नाहीत. एकीने माझ्या डोक्यावरून पदराचं टोक फिरवलं, पुसायला. जी वाजवते तिने आपलं बघायचं नसतं, तिचं बाकीच्या बघतात. तू ते त्या दिवशी समजावून सांगितलं नाहीस. घरात येऊन चुलीवर चहा ठेवलास आणि मला बशीतून न देता तुझ्या कपातून दिलास, एवढंच. तो चहा धुराचा होता आणि त्याला बोंबलाचा वास होता. तसा चहा मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

पोरांकडे परत येते. चित्रं बघूनही मी नानी-पानीवर शिक्का मारून टाकावा असं ठरवत होते. शाळा सुटायच्या आधीचा, मेच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा आठवडा. वर्गात कविता म्हणून घेतली. पोरं रंगात आलेली, टन-टनला तर बाकं बडवायला लागली. ती थांबल्यावर धाब्यावरच्या आचाऱ्याची मुलगी, दुसरीतली, बोट वर करून उभी राहिली. हिला गप्प म्हणता येणार नाही, उलट प्रश्न विचारून जीव नकोसा करते. म्हणाली, टुप वाळूने केलं, टप पानाने केलं, खड़-खड़ टिनाने केलं.

"मैडम, थाली किसने बजाई?"

मी म्हटलं, कोणीतरी बाईने. तिने विचारलं, मग तिचं सामान कोणी आणलं? तिचे हात तर थाळीत अडकलेले होते ना? बय, मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच तारीख पुसली. एवढी वर्षं मला वाटत होतं ही गोष्ट फक्त आपल्या वस्तीतल्या बायकांना माहीत आहे, आणि धाब्यावर वाढलेली सात वर्षांची पोर ती सहा ओळींतून ओढून काढते. कविता उभी होती, पण मधलं माणूसच मी लिहिलं नव्हतं. सगळ्या आवाजांना आवाज करणारा होता. टन-टनला नव्हता. तिथे तू होतीस आणि मी तुला गाळून नानीला भिजवत बसले होते.

त्या रात्री नाही, पुढच्या आठवड्यात, सुट्टी लागल्यावर, मी शेवटच्या दोन ओळी नव्याने बसवल्या. 'मछलियाँ' घालायला गेले तर ओळ लंगडायची. 'टोकरी' घालायला गेले तर एक मात्रा जास्त. टोकरीच्या पाच होतात, टाळी चारच मागते. मग 'डलिया' सापडला, म्हणजे तीच लहान टोपली, चार मात्रांची, तुझ्या पाटीचीच हिंदीतली बहीण. आणि हे झालं:

जो थाली पर टन-टन करती,
उसकी डलिया बस्ती भरती।

जी थाळी वाजवते तिची टोपली वस्ती भरते. सरळ. करती-भरती यमक कुठल्याही पोराला आधी ओळखता येईल असं. टाळ्या लावून बघितल्या, चार आणि चार. घरात एकटीनेच मोठ्याने म्हटल्या, दोनदा, तीनदा. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना वाटलं असेल बाई फिरली.

संपादक मुलीने वाचलं आणि फोन केला. वाईट नाही ती, कामात पक्की आहे. म्हणाली, दीदी, अर्थ चांगला आहे, पण कविता आवाजावर उभी आहे आणि शेवटच्या ओळीत आवाजच नाही. छोटं पोर पुस्तक मिटताना तोंडात आवाज घेऊन जातं, छम-छम म्हणत. इथे ते विचार घेऊन जाईल. शिवाय चित्रं बदलावी लागतील. तुम्ही ठरवा, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगा. तिचं म्हणणं चूक नव्हतं, बय, म्हणून तर मला राग आला. चूक असतं तर मी दोन मिनिटांत उडवून लावलं असतं. आवाजाची कविता आवाजावर संपावी हे मीच पोरांना शिकवते. माझ्या मनात दुसरंच होतं. मला वाटत होतं, आता हे खरं आहे का? वस्तीने टोपली भरली होती ती तेव्हा, आपली. आज हे पोरांना सांगायचं म्हणजे थाप तर होणार नाही ना? तुझ्या शेवटच्या दोन पावसाळ्यांत दोऱ्या कमी झाल्या होत्या, कोणी वापीला कामाला गेल्या, कोणाच्या बोटी विकल्या. तरी तू थाळी वाजवायचीस आणि दोघी-तिघी तरी यायच्या. मी मात्र इथे सरावली गावात या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं राहतेय आणि कोणाच्या घरी चहा प्यायलेली नाही. भांडण नाही, काही नाही. जिन्यात हसतो, लिफ्ट नाही म्हणून दम लागला की थांबतो, मग आपापलं दार.

आज दुपारी पाऊस आला.

रविवार. गच्चीवर माझ्या दोन साड्या आणि एक चादर वाळत होती, आणि तुझ्याच थाळीत मी आंबोशी उन्हात ठेवली होती, यंदाच्या कैऱ्यांची. हो, ती थाळी अजून आहे, पोचे आलेली. बाकी दोऱ्यांवर सगळ्या बिल्डिंगचे कपडे, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईने चादरीवर मिरच्या पसरलेल्या. मी आंबोशी उलटवायला वर गेले होते. हातावर थेंब पडला, दंडावर, अगदी तिथेच. गच्चीची लादी तापलेली, तिनेही पहिला थेंब वाळूसारखाच गिळला, आवाज नाही. मी थाळीतली आंबोशी लादीवर उपडी केली, गच्चीच्या दाराचं कुलूप हातात घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वाजवायला लागले. टन-टन, टन-टन. जिना असल्यामुळे आवाज खालपर्यंत घुमत गेला. दारं उघडली. आधी लोकांना वाटलं आग लागली. मी म्हटलं, पाऊस, कपडे, मिरच्या. मग बायका धावल्या, एक माणूस टॉवेलवरच आला, दोन पोरी आल्या. बघता बघता सगळ्यांनी आपापलं ओढलं. मिरचीवालीने चादरीची चार टोकं धरून गाठोडं केलं. एक जण जाता जाता म्हणाला, थँक्यू हां मॅडम, बरं झालं. मी वाजवतच होते. पाऊस आता चांगला तडतडायला लागला होता. मी माझ्या दोरीकडे बघितलं नाही, बय. तू सांगितलं होतंस तसं. टॉवेलवाला शेवटचा. दारात थांबून म्हणाला, "मैडम, अब बस करो, सब आ गए."

मी थांबले. मग वळून बघितलं. गच्चीवर सगळ्या दोऱ्या रिकाम्या आणि माझी भरलेली. दोन साड्या, एक चादर, पाणी गळतंय. आंबोशी लादीवरून वाहत मोरीच्या जाळीपाशी गेली होती. त्यांचा काही दोष नाही, मी कोणावर चिडले नाही. त्यांना नियम माहीत नाही. कपडा कोणाचा ते माहीत नाही. कोणी परक्याच्या साडीला हात लावत नाही, इथे तीच रीत, आणि तीही वाईट नाही. पण मला वाईट वाटलं. फार वाटलं. पंचावन्नाव्या वर्षी, शाळेतली बाई असून, मी गच्चीच्या दारात थाळी पोटाशी धरून चौथीतल्या पोरीसारखी रडले. थोड्या वेळाने मिरचीवाली परत वर आली, काही राहिलं का बघायला. माझी दोरी बघून म्हणाली, अरे, ताई, हे तुमचं होतं का, सांगायचं ना! मग आम्ही दोघींनी मिळून चादर पिळली, ती एका टोकाला, मी एका टोकाला. ती घाईत होती, मिरच्या पंख्याखाली पसरायच्या होत्या. गेली.

खाली येऊन साड्या बाथरूममध्ये टाकल्या, चहा केला, एकच कप. आणि संपादक मुलीला मेसेज केला की शेवटच्या दोन ओळी नव्याच ठेवा, बस्तीवाल्या. चित्रं बदला. थाळीवालीला नाचू देऊ नका, तिला उभी करा, तिची पाठ दोरीकडे असू दे, आणि बाकीच्या बायका तिची टोपली भरतायत असं काढा. मोर काढून टाका. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. खोटं असतं तर मी लिहिलं नसतं. माझ्या दोरीवर ते झालं नाही म्हणून तुझ्या दोरीवर झालं नव्हतं असं थोडंच आहे? आणि ती धाब्यावरची पोर पुढे कधी कुठल्या गच्चीवर असेल, कोणी थाळी वाजवत असेल, तर तिला माहीत असलेलं बरं. इतरांना कोण सांगणार?

हे पत्र मी कुठे टाकणार, ते तुलाही ठाऊक आणि मलाही. आंबोशीच्या रिकाम्या बरणीखाली ठेवून देईन, पुढच्या कैरीपर्यंत.

एक सांगायचं राहिलं, बय. गच्चीवर सगळ्या मिळून चारच दोऱ्या आहेत. पहिला थेंब पडला तेव्हा मी एकटीने सगळं काढून जिन्यात आणू शकले असते, मिरच्यांसकट, वेळ होता. थाळी वाजवायची काही गरज नव्हती. कोणी येतं का, तेवढंच मला बघायचं होतं.